‘लवकर बरी हो’ न म्हणणारं पत्र

एकाच छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याने बायकोला पत्र लिहायचं, हे ऐकायला जरा नाटकी वाटतं. सांगायचं ते तोंडाने सांगावं की, असं कुणीही म्हणेल. पण घरातलं माणूस नैराश्याने आजारी असलं की नेमकं तेच अवघड होऊन बसतं. नवरा समोर येऊन बसला की तिला उत्तर देणं भाग पडतं. या आजारात विचार मंदावतात, साध्या प्रश्नाला शब्द सापडत नाहीत. मग ती गप्प बसते. ती गप्प बसली की त्याला वाटतं, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. दोन-चार वेळा असं झालं की त्याचा आवाज चढतो, किंवा तो मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत जातो. दोन्हीचा अर्थ तिच्या लेखी एकच असतो: मी आता यांना नकोशी झाले.

पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. ते उशीखाली ठेवता येतं, पहाटे वाचता येतं. नैराश्यातल्या अनेकांची झोप पहाटे फार लवकर मोडते आणि उजाडेपर्यंतचे ते तास सगळ्यात जड जातात. त्या वेळी घर झोपलेलं असतं आणि कागद हाताशी असतो.

समजा, इचलकरंजीतलं एक घर आहे. नवरा सहकारी बँकेत कारकून आहे. बायको घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, मुलगी नववीत आहे. हे जोडपं समजावून सांगण्यापुरतं कल्पिलेलं आहे, पण अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर हळूहळू शिलाई मशीनवर चादर पडली. आलेली कापडं ती परत पाठवू लागली. अंघोळ दुपारपर्यंत राहू लागली, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, वजन उतरलं. सासूबाई म्हणाल्या, “खायला-प्यायला आहे, नवरा दारूला शिवत नाही, हिला कसलं आलंय दुःख?” आणि एका रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “मला माहेरी नेऊन सोडा. तुम्ही तुमचं काहीतरी बघा. मी असून नसून सारखीच.”

तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला, हे त्याने चांगलं केलं. मन सतत उदास असणं किंवा कशातच गोडी न उरणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांची मोडतोड, स्वतःविषयी अपराधी वाटणं, मरणाचे विचार येणं. यातली बरीच लक्षणं दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली आणि रोजचं जगणं अडलं, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. थायरॉइड कमी पडलं तरी अशीच मरगळ येते, म्हणून रक्ताची तपासणी झाली. ती ठीक निघाली. पूर्वी कधी झोपेशिवाय उत्साह उतू गेल्यासारखे दिवस आले होते का, हेही विचारून झालं, कारण त्यावर औषध बदलतं. मग एसिटालोप्रामची गोळी सुरू झाली. दहा दिवस झाले आहेत. मळमळ तेवढी होते आहे, बाकी काहीच फरक नाही.

या दहाव्या दिवशी तो पत्र लिहायला बसतो. पहिल्या मसुद्यात बहुतेक नवरे जे लिहितील तेच तो लिहितो. तू किती हसरी होतीस, आठव. मुलीकडे बघून तरी स्वतःला सावर. मी तुला कधी काही कमी पडू दिलं का? मनावर घेतलंस तर तुला काहीही अशक्य नाही. लवकर बरी हो, घराला तुझी गरज आहे.

एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेलं नाही. तरी हे पत्र देण्यासारखं नाही. अपराधी वाटणं हे या आजाराचं लक्षणच आहे, जसं तापात अंग तापणं. “मुलीकडे बघून” असं वाचलं की तिला मुलगी दिसत नाही, मुलीचा डबा आपण चार दिवस केला नाही एवढंच दिसतं. “कधी काही कमी पडू दिलं का” या प्रश्नाचं उत्तर “नाही” असंच आहे, आणि म्हणून ती आणखी दोषी ठरते: सगळं असूनही मी अशी! “मनावर घे” हे तर तिला जमत नाही ते सोडून बाकी काहीच न सांगणारं वाक्य आहे. आणि “लवकर बरी हो” म्हणजे मुदत घालून दिलेलं काम. ते वेळेत झालं नाही की ती आणखी एका कामात नापास.

अशा प्रेमळ टोचण्यांचा परिणाम मोजलाही गेला आहे. जिल हूली आणि जॉन टीसडेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्यासाठी रुग्णालयात राहिलेल्या विवाहित रुग्णांना त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला होता: तुमचा जोडीदार तुमच्यावर कितपत टीका करतो असं तुम्हाला वाटतं, एक ते दहात सांगा. पुढच्या नऊ महिन्यांत आजार कुणाचा उलटतो, याचा अंदाज बाकीच्या मोजमापांपेक्षा या एका उत्तरावरून अधिक चांगला बांधता आला. प्रश्न टीका किती होते असा नव्हता, किती वाटते असा होता, हे नवऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. “मी कुठे काय बोललो?” हा बचाव इथे कामाचा नाही.

याची दुसरी बाजू त्याआधीच पुढे आली होती. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेल भागातल्या साध्यासुध्या बायकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 1978 साली त्यावर पुस्तक लिहिलं. मोठा आघात तर अनेकींच्या वाट्याला आला होता. पण ज्यांना नवऱ्यापाशी किंवा जवळच्या माणसापाशी मन मोकळं करता येत होतं, त्यांच्यात नैराश्य बरंच कमी दिसलं. अशी जागाच नसलेल्या बायका आघातानंतर कितीतरी अधिक प्रमाणात कोसळल्या. इथे नवरा सुखवस्तू होता का, निर्व्यसनी होता का, याला महत्त्व नव्हतं. त्याच्यापाशी बोलता येत होतं का, याला होतं. आपल्याकडे “चांगला नवरा” या शब्दांत पहिल्या दोन गोष्टी येतात, तिसरी क्वचित.

तर मग पत्रात असावं काय? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण नवरा-बायकोचं नाहीच. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेले बरेच लोक पुढचे उपचार नाकारतात, हे त्यांना दिसत होतं. अशा 843 लोकांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटाला पाच वर्षांत चोवीस छोटी पत्रं: आधी दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. पत्र दोन-तीन ओळींचं, प्रत्येकाला वेगळं टाइप केलेलं. तुम्ही इथून गेलात त्याला काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर चार ओळी लिहा, आम्हाला आवडेल, अशा अर्थाचं. गोळ्या घेता का, पुन्हा कधी येता, असलं काही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. पुढे दोन्ही गटांतलं अंतर कमी होत गेलं.

ही जादू नव्हे, आणि नंतरच्या काळात इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांना दर वेळी इतकं यशही मिळालेलं नाही. पण पत्रामागचा विचार टिकून आहे: माणसाकडून काहीही न मागता त्याची आठवण ठेवायची. नवऱ्याला हे डॉक्टरपेक्षा कठीण जातं, कारण त्याला बायकोकडून खूप काही हवं असतं. त्याला ती पूर्वीसारखी हवी असते, आणि ती लवकर तशी व्हावी असं वाटत असतं. म्हणून त्याने पहिला मसुदा फाडावा, एक दिवस जाऊ द्यावा आणि पुन्हा लिहावं. इचलकरंजीच्या नवऱ्याचं दुसरं पत्र साधारण असं होईल:

“अगं, हे वाचून झाल्यावर तू मला काही म्हणायला हवं असं नाही. वाचलंस हेही सांगू नकोस. अर्ध्यावर ठेवलंस तरी चालेल.

परवा रात्री तू म्हणालीस, मला माहेरी सोडा, तुम्ही तुमचं बघा. मी तेव्हा काहीच बोललो नाही, कारण मला सुचलं नाही. आता लिहितो. मी कुठेही जाणार नाही आणि तुला कुठे पाठवणार नाही. तुला स्वतःला आईकडे चार दिवस राहावंसं वाटलं तर मी पोचवीन आणि न्यायला येईन. तू लवकर बरी झालीस तर राहीन, असं माझं म्हणणं नाही. वेळ लागला तरी मी आहे.

तुला आत काय होतंय ते मला कळत नाही. कळतं असं म्हणणार नाही. तू आळस करत नाहीस एवढं मला ठाऊक आहे. सकाळी उठून बसायला तुला किती जोर लावावा लागतो ते मी बघतो.

रोज जेवणं झाल्यावर मी गच्चीत पंधरा मिनिटं बसेन. मोबाइल खाली ठेवून येईन. तू आलीस तर बरं वाटेल, नाही आलीस तर मी तसाच बसून खाली येईन. आलीस तर बोलायलाच हवं असं नाही. बोललीस तर मी मध्ये तोंड घालणार नाही आणि उपाय सांगणार नाही. सांगितलेच तर मला गप्प कर.

मुलीचा डबा आणि सकाळचा चहा पुढचा महिनाभर माझ्याकडे. आईशी मी बोललो आहे, ती तुला काही विचारणार नाही. शिलाईची कापडं घेऊन कुणी आलं तर मी दारातच सांगेन.

एकच गोष्ट गुपित ठेवणार नाही. जीव नकोसा वाटला, तर तो विचार कितीही भयंकर असो, मला सांग. मी ओरडणार नाही, रडलो तर रडेन. पण डॉक्टरांना मात्र सांगेन. तोवर गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात ठेवतो, रोजची गोळी मी देईन. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तुला त्या पाकिटाशी एकटीला झगडायला लागू नये म्हणून.”

या पत्रात कवित्व नाही, आणि ते नसावं असंच मला वाटतं. “तू माझा श्वास आहेस” हे वाक्य वाचणाऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकतं: मी गेले तर हे कसे जगतील, किंवा मी अशी राहिले तर यांचा श्वासच कोंडेल. त्यापेक्षा “डबा माझ्याकडे” हे वाक्य हलकं आहे, आणि उद्या सकाळी खरं की खोटं ते तपासता येतं. नैराश्यातलं मन मोठ्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. “तुम्ही दयेपोटी म्हणताय” असं ते लगेच म्हणतं. डब्याशी त्याला असा वाद घालता येत नाही. म्हणून आपण जेवढं नक्की करू तेवढंच लिहावं. पंधरा मिनिटं लिहिली असतील तर बँकेतून कितीही दमून आलो तरी गच्चीत जाऊन बसावं.

“तुम्ही मला सोडणार नाही ना?” हा प्रश्न पत्रानंतरही येत राहील. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली या चक्राचं वर्णन केलं होतं. आजारी व्यक्ती पुन्हा पुन्हा आधार मागते, जवळचं माणूस तो देतं, पण तिला तो खरा वाटत नाही, ती परत विचारते. शेवटी जवळचं माणूस तोंडाने “हो हो” म्हणतं आणि चेहऱ्यावर वैताग दिसतो. मग तिला वाटतं, बघा, माझा अंदाज बरोबरच होता. यावर दर वेळी नवं, अधिक जोरदार आश्वासन शोधू नये. तेच छोटं उत्तर त्याच आवाजात द्यावं, “नाही, मी आहे,” आणि हातातलं काम चालू ठेवावं. पत्र इथेही कामी येतं: लिहिलेलं आहे, हवं तेव्हा वाच.

ती एक दिवस गच्चीत येते. आणि बोलते. हा क्षण पत्र लिहिण्यापेक्षा कठीण, कारण ती जे बोलते ते ऐकवत नाही. ती म्हणते, “मला मुलीबद्दल काही वाटतच नाही. मी आई म्हणून मेलेली आहे.” इथे नवऱ्याच्या तोंडून आपोआप निघतं, “असं काय बोलतेस, किती जीव आहे तुझा तिच्यावर!” झालं, दार बंद. तिने मोठ्या धीराने सांगितलेली गोष्ट खोटी ठरवली गेली. त्याऐवजी थोडं थांबून, “काहीच वाटत नाही, हे केव्हापासून होतंय?” एवढंच विचारावं. किंवा तिचेच शब्द परत म्हणावे आणि गप्प राहावं. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. तिचं म्हणणं दुरुस्त न करता पुढचं वाक्य येईपर्यंत थांबणं, एवढंच ते आहे. पंधरा मिनिटांतली बारा मिनिटं शांततेत गेली तरी ती वाया गेली नाहीत.

ती “असून नसून सारखीच” म्हणाली होती, त्या वाक्यापाशी मात्र थांबून राहायचं नाही. “मरून जावं असा विचार येतो का?” असं थेट, शांतपणे विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. असं होत नाही हे अभ्यासांत दिसलं आहे, उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर “हो” आलं, तर कसं करायचं याचाही विचार झाला आहे का, ते विचारावं. झाला असेल तर तिला एकटं सोडू नये, घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात जावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठावं. प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल या भीतीने पूर्वी लोक वेळ घालवत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायला सांगितलं आहे, आणि तिला सरकारने उपचार आणि आधार द्यावा असं म्हटलं आहे.

गोळीचा फरक सहसा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता दिसायला त्याहून अधिक वेळ लागतो. आधी झोप आणि ताकद थोडी सुधारते, मन मागाहून उचलतं. म्हणून ती उठून कामाला लागली म्हणजे सगळं पार पडलं, असं समजून गच्चीतलं बसणं बंद करू नये. सुरुवातीचे हे आठवडे लक्ष ठेवण्याचे असतात. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि ते एकदम बंद केलं तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. पत्र हे औषधाच्या जागी येत नाही, समुपदेशनाच्याही नाही. ज्या घरात नवऱ्याचा हात उठतो, तिथे तर “मी राहतोय” हे आश्वासन नसून धमकी असते. तिथल्या बाईला पत्राची नव्हे, सुरक्षित जागेची गरज आहे.

एक भीती बायका सहसा उघड बोलत नाहीत. डॉक्टरांचा कागद पुढे घटस्फोटात माझ्याविरुद्ध वापरतील का? माहेरचे लोकही याच धास्तीने उपचार लपवायला सांगतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, हे खरं. पण तो विकार इतका आणि अशा प्रकारचा असावा लागतो की दुसऱ्या जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. नुसता आजार आहे एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. नवऱ्याला पत्रात एक ओळ वाढवता आली तर ती ही असावी: तुझे औषधाचे कागद मी कुणाविरुद्ध कधी वापरणार नाही.

राहिला तो स्वतः. महिनाभर डबा, बँक, गच्ची आणि पहाटेची जाग सांभाळून त्याचीही झोप उडते, चिडचिड होते. ती बायकोपाशी काढायची नाही, पण कुठेतरी काढावीच लागते: एखादा मित्र, भाऊ, किंवा बायकोच्याच डॉक्टरांकडे स्वतःसाठी मागितलेली दहा मिनिटं. तेही जवळ नसेल तर ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं, आणि फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. घरच्यांनीही करावा.